पौर्णिमेची अमावास्या होऊ नये म्हणून

मराठी दिनदर्शिकेचं पान मोबाइलच्या पडद्यावर आणलं तरी त्याचं रूप भिंतीवरच्या कॅलेंडरसारखंच राहतं. पांढरी पार्श्वभूमी, काळ्या तारखा, रविवार आणि सुट्ट्या लाल, प्रत्येक चौकोनात बारीक करड्या अक्षरांत तिथी, चतुर्थीला गणपतीचं छोटं चित्र, पौर्णिमेला पोकळ वर्तुळ आणि अमावास्येला भरीव काळं वर्तुळ. या खुणा कुणी कुणाला शिकवत नाही. घरात वावरता वावरता त्या डोळ्यांत बसतात. हेच पान डार्क मोडमध्ये न्यायचं ठरलं की ॲप तयार करणाऱ्यांसमोर एक अवघड काम उभं राहतं. पांढरा पडदा काळा करायचा, पण या खुणांचा अर्थ जसाच्या तसा ठेवायचा.

अ‍ॅपलने २०१८मध्ये मॅकच्या ‘मोहावी’ आवृत्तीत पूर्ण डार्क मोड दिला. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ यांच्याबरोबर तो फोनमध्ये आला. तेव्हापासून वापरणारा एकदाच फोनच्या सेटिंगमध्ये गडद रूप निवडतो आणि प्रत्येक ॲपने ते पाळावं अशी अपेक्षा करतो. ज्या ॲपला हे समजत नाही, ते रात्री उघडलं की अख्खा पडदा पांढराफटक होऊन डोळ्यांवर येतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रंग सरसकट उलटे करणं. संगणकाच्या दृष्टीने हा साध्या वजाबाकीचा हिशेब आहे. लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही घटकांची मूल्यं २५५मधून वजा केली की उलटा रंग मिळतो. पांढऱ्याचा काळा होतो, काळ्याचा पांढरा होतो आणि इथवर सगळं छान दिसतं. पण रविवारचा लाल, समजा `#C62828`, उलटला की `#39D7D7` होतो, म्हणजे चक्क फिरोजी. गणपतीचं चित्र जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसू लागतं. अँड्रॉइड १०मध्ये ‘फोर्स डार्क’ नावाची याहून शहाणी सोय आली. ती रंगाची जात राखून फक्त उजेड-अंधार बदलायचा प्रयत्न करते. मात्र कोणता रंग कशासाठी वापरला आहे, याचा तिलाही अंदाजच करावा लागतो. रविवारचा लाल आणि गणपतीच्या जास्वंदीचा लाल यांतला फरक ॲप तयार करणाऱ्यालाच ठाऊक असतो.

म्हणून जाणकार डिझायनर रंगांची यादी नावाने नव्हे, कामाने करतात. ‘लाल’, ‘करडा’ असं न लिहिता ‘सुट्टीची तारीख’, ‘तिथीचा मजकूर’, ‘चौकोनाची पार्श्वभूमी’ असं लिहायचं आणि प्रत्येक कामासाठी दोन रंग ठरवायचे, एक उजेडातला आणि एक अंधारातला. अँड्रॉइडवर यासाठी एकाच नावाच्या दोन नोंदी दोन फोल्डरांत ठेवतात. `res/values/colors.xml`मध्ये:

```xml
<color name="holiday_text">#C62828</color>
```

आणि `res/values-night/colors.xml`मध्ये:

```xml
<color name="holiday_text">#E57373</color>
```

फोन गडद रूपात गेला की यंत्रणा आपसूक दुसऱ्या फोल्डरातला रंग उचलते. आयफोनच्या ॲपमध्येही एकाच रंगाच्या नावाखाली साधं आणि गडद अशी दोन मूल्यं भरता येतात. खरी मेहनत पुढे आहे, ती ही मूल्यं ठरवण्यात.

किती काळा, किती पांढरा

पहिला प्रश्न पार्श्वभूमीचा. पूर्ण काळा, म्हणजे `#000000`, घ्यावा की गडद करडा? गूगलने आपल्या मटेरियल डिझाइन या नियमावलीत गडद पृष्ठभागासाठी `#121212` सुचवला. अ‍ॅपलने आयफोनच्या मूळ पार्श्वभूमीला पूर्ण काळा ठेवला आणि तिच्यावरच्या थराला `#1C1C1E` दिला. दोन्ही निवडींमागे कारणं आहेत. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. पूर्ण काळा दाखवायचा तर तो ठिपका बंदच होतो आणि वीज वाचते. पण बंद झालेला ठिपका पुन्हा उजळायला अंमळ जास्त वेळ घेतो. त्यामुळे काही फोनांवर काळ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर वर सरकवताना अक्षरांमागे जांभळट फराटा दिसतो. महिन्यामागून महिना सरकवत जायच्या दिनदर्शिकेत तो लगेच नजरेत भरतो. गडद करड्यावर ठिपके थोडे तरी जागे असतात, म्हणून तो कमी होतो.

गडद करड्याचा दुसरा फायदा थरांचा. पांढऱ्या पडद्यावर एखादी पाटी वर उचललेली आहे हे सावलीने कळतं. अंधारात सावली पडणार कशी? म्हणून तिथे उलटा नियम लावतात: जो थर वर, तो जरा उजळ. आपल्या पानाची सर्वांत खालची पार्श्वभूमी `#121212`, तारखांचे चौकोन त्याहून किंचित उजळ `#1E1E1E` आणि तारखेवर बोट ठेवल्यावर उघडणारी तपशिलाची पाटी `#383838`. हे तिन्ही आकडे मटेरियल डिझाइनच्या पद्धतीने येतात. मूळ करड्यावर पांढऱ्याचा पातळ थर चढवायचा, चौकोनासाठी ५ टक्के आणि सर्वांत वरच्या पाटीसाठी १६ टक्के.

मग अक्षरांचा पांढरा. शुद्ध पांढरी अक्षरं काळ्यावर ठेवली की ती सुस्पष्ट दिसतील असं वाटतं, पण घडतं वेगळंच. अंधाऱ्या पडद्याकडे पाहताना डोळ्याची बाहुली मोठी होते. बाहुली मोठी झाली की नेत्रभिंगातले बारीकसारीक दोषही प्रतिमेत उतरतात आणि उजळ रेषांच्या कडा पसरतात. ज्यांच्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे त्यांना पांढऱ्या अक्षरांभोवती पुसट प्रभा दिसते आणि ओळी एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात. यावर तोडगा म्हणून पांढरा थोडा मवाळ करतात. गूगलची शिफारस मुख्य मजकुरासाठी ८७ टक्के पांढऱ्याची होती. `#121212`वर ८७ टक्के पांढरा म्हणजे जवळपास `#E0E0E0`. नजरेला तो पांढराच वाटतो, पण झगमगत नाही.

देवनागरीत ही बाब जास्त जपावी लागते. काळ्यावरची पांढरी रेघ तितक्याच जाडीच्या काळ्या रेघेपेक्षा जाड भासते. रोमन अक्षरांत त्याने फारसं बिघडत नाही. पण ‘ज्येष्ठा’ किंवा ‘त्र्यंबक’ लिहिताना जोडाक्षराच्या आतली पोकळी आधीच चिमुकली असते. रेघ फुगली की ती भरून जाते. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार मात्रेत हरवतो. म्हणून ठळक मथळे डार्क मोडमध्ये एक पायरी हलके करतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेल्या ‘मुक्ता’ या टंकात २०० ते ८०० अशा सात जाड्या आहेत. उजेडातला ७०० जाडीचा मथळा अंधारात ६००वर आणला की पोकळ्या पुन्हा मोकळ्या होतात. तिथीसारख्या बारीक मजकुराला मात्र हा नियम लावायचा नाही. तो आणखी बारीक केला तर दिसेनासाच होईल.

लाल रंगाचा हिशेब

रंग वाचता येतो की नाही हे नुसत्या नजरेवर सोडत नाहीत, कारण डिझायनरचा पडदा महागडा असतो आणि नजर तरुण. त्यासाठी कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर काढतात. दोन रंगांपैकी उजळ रंगाची प्रकाशमानता घ्यायची, गडद रंगाची घ्यायची, दोन्हींत ०.०५ मिळवायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. एकावर तोच रंग ठेवला तर उत्तर १, काळ्यावर पांढरा ठेवला तर २१. वेबवरची माहिती सर्वांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराला निदान ४.५ हवेत आणि मोठ्या अक्षरांना ३. अर्थ सांगणाऱ्या आयकॉनलाही ३ हवेत, ही अट २०१८च्या आवृत्तीत आली.

आता आपला रविवार या मोजपट्टीवर ठेवून पाहता येतो. पांढऱ्यावर `#C62828` या लालचं गुणोत्तर ५.६ येतं, म्हणजे व्यवस्थित पास. तोच लाल जसाच्या तसा `#1E1E1E`च्या चौकोनावर ठेवला तर ते थेट २.९७वर घसरतं. म्हणजे मोठ्या अक्षरांची सवलत घेऊनही रविवार नापास होतो. पडद्यावर पाहिलं तर तारीख दिसते, पण मंद निखाऱ्यासारखी, आणि शेजारच्या उजळ वारांपुढे मागे पडते. कागदी कॅलेंडरवर सगळ्यांत आधी नजरेत भरणारा वार इथे सगळ्यांत शेवटी दिसतो.

अशा वेळी भडक, चमकदार लाल घ्यायचा मोह होतो. तो टाळावा. गडद पार्श्वभूमीवर गच्च भरलेला लाल किंवा निळा डोळ्यांपुढे थरथरल्यासारखा होतो. योग्य वाट म्हणजे त्याच लालाची उजळ आणि थोडी फिकी छटा घेणं. `#E57373` घेतला तर त्याच चौकोनावर गुणोत्तर ५.६ येतं, उजेडात होतं जवळपास तेवढंच. स्वतंत्रपणे पाहिला तर हा रंग गुलाबीकडे झुकलेला वाटतो. चौकोनात बसवून पाहिला की डोळे त्याला लालच म्हणतात, कारण आजूबाजूला त्याहून लाल काही नसतं.

करड्याचीही तीच गत. तिथीसाठी पांढऱ्यावर चालणारा `#757575` तिथे ४.६ देतो आणि गडद चौकोनावर ३.६ देतो. तो `#A0A0A0`पर्यंत उजळवला की ६.४ मिळतात. तारीख आणि तिथी यांच्यातला मोठा-धाकटा फरक मात्र टिकायला हवा. सगळंच उजळवत नेलं तर पान वाचता येतं, पण आधी काय पाहायचं ते कळत नाही.

पुष्कळ ॲप इथपर्यंत नीट येतात आणि पुढच्या पायरीवर अडखळतात. तारखेवर बोट ठेवलं, पाटी उघडली. ती `#383838`ची, म्हणजे चौकोनापेक्षा उजळ. तिच्यावर तोच `#E57373` आता फक्त ३.९ देतो आणि तोच करडा ४.४८वर थबकतो, पास व्हायला केसभर कमी. चौकोनावर तपासून पसंत केलेले दोन्ही रंग पाटीवर नापास झाले. पाटीसाठी सुट्टीचा लाल आणखी उजळ, उदाहरणार्थ `#EF9A9A`, घ्यावा लागतो, तो ५.४ देतो. म्हणून गडद रूपातला रंग ज्या ज्या थरावर दिसणार आहे, त्या प्रत्येक थरावर वेगळा मोजायचा असतो.

या गुणोत्तराचीही एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. दोन्ही रंग गडद असतील तेव्हा हे सूत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त गुण देतं. गडद करड्यावरचा गडद निळा आकड्यात ३च्या पुढे गेला तरी डोळ्यांना जड जातो. त्यामुळे डार्क मोडमध्ये किमान गुणांवर समाधान न मानता थोडं वरच राहावं.

चंद्राचं काय करायचं

आयकॉनच्या बाबतीत सगळ्यांत ढोबळ चूक म्हणजे रंग चित्रातच कायमचा लिहून ठेवणं. शोधायचं भिंग, आठवणीची घंटा, सेटिंगचं चक्र ही काळ्या रंगात काढलेली चिन्हं `#1E1E1E`वर ठेवली की गुणोत्तर १.२६ येतं. चिन्ह तिथेच असतं, त्याला बोट लावलं तर ते कामही करतं, फक्त दिसत नाही. उपाय सोपा आहे. चित्रात फक्त आकार ठेवायचा आणि रंग ॲपच्या रंगयादीतून घ्यायला सांगायचं. अँड्रॉइडच्या व्हेक्टर चित्रात `android:tint="?attr/colorControlNormal"` लिहिलं की चिन्ह दोन्ही रूपांत आपोआप योग्य रंग घेतं.

पण हीच सोपी युक्ती चंद्राला लावली की घात होतो. कागदावर पौर्णिमेची खूण म्हणजे नुसत्या रेघेचं पोकळ वर्तुळ; आतला कागद पांढरा असतो म्हणून तो उजळ चंद्र वाटतो. अमावास्येची खूण म्हणजे शाईने भरलेलं काळं वर्तुळ. दोन्ही खुणांना डार्क मोडमध्ये उजळ रंग दिला, तर पौर्णिमेचं वर्तुळ आतून काळं दिसतं आणि अमावास्येचं वर्तुळ पांढरं लख्ख चमकतं. कुठलाही तांत्रिक दोष नाही. आकार तेच, कॉन्ट्रास्ट उत्तम, तपासणीचं साधनही हिरवा कंदील देतं. तरी पौर्णिमेचा उपास पाहायला आलेल्या वाचकाला पान चक्क उलटी माहिती देतं.

इथे रंग बदलून भागत नाही, चित्रच वेगळं काढावं लागतं. गडद रूपात पौर्णिमा मवाळ पांढऱ्याने, `#E0E0E0`ने, पूर्ण भरलेली. अमावास्या आतून पार्श्वभूमीइतकीच गडद आणि भोवती `#A0A0A0`ची बारीक कड. अँड्रॉइडवर ही दुसरी चित्रं त्याच नावाने `drawable-night` फोल्डरात जातात. शिवाय दोन्ही खुणांना शब्दांतलं वर्णन जोडावं लागतं. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना फोन वाचून दाखवताना ‘पौर्णिमा’ असंच म्हणतो, मग पडद्याचं रूप कुठलंही असो.

गणपतीच्या चित्राला हात लावायचा नसतो. त्याचे रंग तेच राहतात. अडचण चित्राची नसून त्यामागच्या पांढऱ्या चौकटीची असते. पांढऱ्या पार्श्वभूमीसह जपून ठेवलेलं चित्र गडद चौकोनात चिकटवलेल्या तिकिटासारखं दिसतं. पार्श्वभूमी पारदर्शक केली की ते बसतं, पण मग काळ्या रेघांनी काढलेली बाह्याकृती अंधारात विरते. म्हणून चित्राभोवती एक उजळ कड घालतात किंवा त्याखाली मध्यम छटेची गोल चकती देतात. ॲपमध्ये पैसे भरण्याचा क्यूआर कोड असेल, तर त्याला मात्र त्याची पांढरी पाटी ठेवावीच लागते. उलट्या रंगांचा कोड वाचणं अनेक स्कॅनरांना जमत नाही.

पडद्याबाहेरची परीक्षा

रंग ठरले, चित्रं आली, तरी काही चुका ॲप प्रत्यक्ष वापरल्याशिवाय सापडत नाहीत. त्यांतली नेहमीची म्हणजे उघडतानाचा पांढरा लखलखाट. ॲप आपलं पान रंगवण्याआधी यंत्रणा क्षणभर खिडकीची मूळ पार्श्वभूमी दाखवते. ती पांढरी राहून गेली असेल, तर अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर फ्लॅश पडतो. ही चूक दिवसा ऑफिसात कुणाच्या लक्षात येत नाही, दिवे मालवून ॲप उघडलं की लगेच पकडता येते. दुसरी चूक ॲप चालू असताना फोनचं रूप बदललं की उघड होते. सूर्यास्ताला आपोआप डार्क मोड लावणारे बरेच जण असतात. संध्याकाळी सातला पान उघडं असेल, तर अर्धं जुन्या रंगांत आणि अर्धं नव्या रंगांत राहतं, किंवा वाचक मार्गशीर्षात असतो आणि पान चालू महिन्यावर परत उडी मारतं. चाचणी करणारे म्हणूनच प्रत्येक पडद्यावर रूप मुद्दाम उलटसुलट करून पाहतात.

तिसरी परीक्षा उन्हाची. मवाळ पांढरा आणि गडद करडा हे जोडपं घरात छान दिसतं, पण भर दुपारी एसटी स्टँडवर फोनच्या काचेत आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि गडद भाग धुऊन निघतात. ॲपच्या रंगांनी ही अडचण पुरती सुटत नाही. तिथे उजळ रूपच कामाचं. वाचनाचे प्रयोगही हेच सांगतात. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३मध्ये तरुण आणि वयस्क दोघांची चाचणी घेतली, तेव्हा पांढऱ्यावर काळा मजकूर वाचताना दोन्ही गटांची कामगिरी सरस ठरली. याउलट मोतीबिंदूसारख्या कारणाने ज्यांच्या डोळ्यात प्रकाश विखुरतो, त्यांना पांढरा पडदा झोंबतो आणि गडद पडद्यावर वाचणं सोपं जातं. एकाच घरातल्या आजींना आणि नातवाला वेगवेगळं रूप सोयीचं असू शकतं.

बॅटरी वाचते, असंही डार्क मोडबद्दल हमखास सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अटींसह. एलसीडी पडद्यामागे दिवा कायम जळत असतो, त्यामुळे पान काळं केल्याने तिथे जवळजवळ काहीच वाचत नाही. ओएलईडी पडद्यांवर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१मध्ये मोजमाप केलं. पडद्याची प्रखरता पूर्ण असताना ३९ ते ४७ टक्के बचत दिसली. पण रोजच्या वापरातल्या ३० ते ५० टक्के प्रखरतेवर ती सरासरी ३ ते ९ टक्केच होती. तेवढ्यासाठी अक्षरांची वाचनीयता पणाला लावून पान ठार काळं करावं, असा हा आकडा नाही.

त्यामुळे दिनदर्शिकेच्या ॲपमध्ये तीन पर्याय ठेवणं सोयीचं: फोनप्रमाणे, कायम उजळ, कायम गडद. सुरुवातीला ‘फोनप्रमाणे’ निवडलेलं असावं आणि पर्याय सेटिंगच्या पहिल्याच पानावर सापडावा. पान प्रसिद्ध करण्याआधीची शेवटची तपासणी एखाद्या जुन्या, स्वस्त फोनवर, प्रखरता अगदी कमी ठेवून करावी, कारण गडद करड्याच्या शेजारशेजारच्या छटा तिथेच एकमेकींत मिसळतात. `#121212` आणि `#1E1E1E` यांतली सीमा त्या फोनवर दिसेनाशी झाली, तर चौकोनांभोवती बारीक करडी रेघ घालावी लागेल. आणि एकदा तरी श्रावणाचं पान उघडावं. सण, उपास, सुट्ट्या, चित्रं आणि दोन्ही चंद्र यांची तिथे इतकी दाटी असते की राहून गेलेली चूक बहुधा याच पानावर हाती लागते.